पोस्टर क्र. ३ : लुटारू मोठा, तरी हिरो तांडेलच

तिसरं पोस्टर काल वाळलं. ३० बाय ४० इंच, आपल्याकडच्या सिनेमा-पोस्टरचा नेहमीचा आकार. गोष्ट तीच, मीच रचलेली: खाडीतला तांडेल आणि त्याचं गलबत लुटणारा.

दुसऱ्या पोस्टरात तांडेलाचं डोकं मुद्दाम मोठं घेतलं होतं. तरी घरच्या तिघांना ‘यातला हिरो कोण?’ विचारलं, तर दोघांनी लुटारूकडे बोट दाखवलं. कारण नीट पाहिल्यावर सापडलं. लुटारूचा खांदा तांडेलावर चढला होता, म्हणून तो पुढे उभा वाटत होता. शिवाय त्याची नजर थेट बघणाऱ्यावर होती आणि गालावर छान वरून पडलेला उजेड.

मग टॉम जंग यांनी १९७७ साली केलेलं ‘स्टार वॉर्स’चं पोस्टर समोर ठेवून बसलो. त्यात सगळ्यात मोठा आहे तो खलनायक डार्थ व्हेडरचा मुखवटा. तरीही हिरो ल्यूकच, याबद्दल शंका येत नाही. मुखवट्याला धड नाही, तो मागे आकाशात तरंगतो. ल्यूक पुढे, पूर्ण उभा, हात वर, छाती उघडी, आणि चित्रातला सगळ्यात लख्ख उजेड त्याच्या हातातल्या तलवारीतून निघतो. मागचं मोठं डोकं संकट वाटतं; पुढची उभी आकृती त्याला सामोरी जाते.

म्हणून या वेळी लुटारूचं नुसतं डोकंच काढलं, १४ इंचांचं, मानेखाली ढगात विरत गेलेलं. त्याच्यापुढे तांडेल, डोक्यापासून पायापर्यंत २२ इंच, उंचावलेल्या हातात कंदील. या कंदिलानं दोन्ही कामं केली. तांडेलाच्या चेहऱ्यावर उजेड वरून येतो. लुटारूचा चेहरा कंदिलाच्याही वर असल्यामुळे त्याच्यावर तोच उजेड खालून पडतो. हनुवटी, नाकाचा खालचा भाग आणि भुवयांची कड उजळली, कपाळ काळोखात गेलं. खालून आलेला उजेड रोजच्या पाहण्यात नसतो, त्यामुळे ओळखीचा चेहराही परका वाटतो.

तरी डोळे नडले. बुबुळांत सवयीनं पांढरे ठिपके दिले होते, आणि नजर पुन्हा तिथेच अडकायला लागली. ठिपके मिटवले, बुबुळं खाली तांडेलाकडे वळवली. आता बघणाराही त्या नजरेमागून तांडेलापाशी येतो.

शेवटी मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून नखाएवढा केला. सगळ्यात उजळ निघालं ते पिवळ्या अक्षरांतलं शीर्षक! पिवळा रंग काळ्या-पांढऱ्यात जवळजवळ पांढराच होतो. त्यावर बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, तेव्हा तांडेलाचा चेहरा वर आला.

दोन मोठे नट असलेल्या पोस्टरांवर मात्र ही पारख डगमगते. तिथे डोकी सारखी आणि दोघांवर सारखाच देखणा उजेड, कारण आकार नटाच्या वजनानं ठरतो. अशा वेळी मी आधी कोण कोणाकडे बघतोय ते पाहतो.

आज त्याच तिघांना नवं पोस्टर दाखवलं. तिघांनीही तांडेल म्हटलं. कंदिलाचा हात अजून कोपरात आखूड दिसतोय, तो रविवारी.