उपग्रह नाशिकवर सव्वाअकरालाच का येतो?

दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेचा एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवाईचा आकडा, मी हंगामभर आलेखावर मांडत होते. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यात दहा मीटरचा एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल, त्यामुळे दोन-अडीच एकराची बागसुद्धा बऱ्यापैकी दिसते. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघाली तसा आकडा चढत गेला, पुढे डिसेंबरात तो अशा तऱ्हेनं हलला की बागेत त्याचं काहीच कारण सापडेना. डावणी नाही, भुरी नाही, पाणी वेळेवर. बागेचे मालक नाना मोबाइलवर आलेख बघत म्हणाले, "ताई, पान तर जसंच्या तसं आहे. तुमचा उपग्रह कधी सकाळी, कधी दुपारी फोटो काढत असंल. सावली बदलली की रंग बदलणारच."

शंका रास्त होती, म्हणून आधी वेळच तपासली. चित्राच्या फोल्डरमध्ये `MTD_TL.xml` नावाची फाइल असते, तिच्यात `SENSING_TIME` लिहिलेला असतो. एक सावधगिरी इथे सांगून ठेवते. फाइलच्या लांबलचक नावात जी वेळ असते ती त्या अख्ख्या पट्ट्याचं चित्रण सुरू झाल्याची असते. आपला तुकडा (दिंडोरीसाठी `T43QCC`) त्यानंतर काही मिनिटांनी टिपलेला असतो, म्हणून खरी वेळ आतल्या फाइलमधूनच घ्यायची. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सगळ्या फाइली उघडल्या. वेळ यूटीसीत होती, त्यात साडेपाच तास मिळवले की प्रत्येक वेळी सकाळचे सव्वाअकरा, थोडं इकडेतिकडे.

मग मलाच नवल वाटलं. दस्तऐवजात तर या उपग्रहाची वेळ साडेदहा दिलेली आहे. वरची पाऊण तासाची भर कुठून आली?

त्यातली बरीचशी आपल्या घड्याळामुळे येते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नाशिक आहे ७३.८ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे नाशिकची सूर्याप्रमाणेची वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असते. उरलेली बारा-एक मिनिटं कक्षेच्या तिरकेपणाची. साडेदहा ही वेळ विषुववृत्त ओलांडतानाची आहे. उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना थोडा पश्चिमेकडे सरकत येतो, त्यामुळे वीस अंश अक्षांशावर तो जरा पूर्वेला असतो, आणि पूर्वेला सूर्याची वेळ पुढे असते. साडेदहा, बारा आणि पस्तीस जोडले की सव्वाअकरा वाजतात.

हिशोब जमला, पण मूळ प्रश्न तसाच होता. उपग्रह पृथ्वीभोवती साधारण शंभर मिनिटांत एक फेरी मारतो आणि दहा दिवसांत बरोबर १४३ फेऱ्या करून त्याच जागेवर परततो. एवढ्या धावपळीत ऑक्टोबरातही सव्वाअकरा आणि फेब्रुवारीतही सव्वाअकरा कसे?

हे समजून घ्यायला उलट बाजूनं सुरुवात करणं सोयीचं पडलं. समजा, उपग्रह बरोबर ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत सोडलाय, म्हणजे कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन, तिचा कल, ९० अंश. अशा कक्षेचं प्रतल ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर राहतं. पृथ्वी मात्र सूर्याभोवती फिरत असते, त्यामुळे आपल्याला सूर्य ताऱ्यांमधून रोज जवळजवळ एक अंश, नेमकं सांगायचं तर ०.९८५६ अंश, पूर्वेकडे सरकलेला दिसतो. प्रतल जागेवर आणि सूर्य पुढे, म्हणजे उपग्रहाची वेळ रोज सुमारे चार मिनिटं अलीकडे येणार, महिन्याला दोन तास. १ ऑक्टोबरला सव्वाअकराला आलेला उपग्रह १ नोव्हेंबरला सव्वानऊच्या सुमारास आला असता, डिसेंबर लागताना सव्वासातला, आणि जानेवारीत बागेवर अजून अंधार असताना. छाटणीपासून काढणीपर्यंतची दोन चित्रंसुद्धा एकमेकांशेजारी ठेवता आली नसती.

तेव्हा प्रतलालाही रोज ०.९८५६ अंश पूर्वेकडे फिरवत ठेवायला हवं. हे इंजिनानं करायचं ठरवलं तर इंधन काही दिवसांत संपेल. हे काम फुकट होतं ते पृथ्वीच्या पोटामुळे. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्ताजवळची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरनं जास्त आहे. हा जादाचा पट्टा कक्षेच्या तिरप्या प्रतलाला विषुववृत्ताकडे ओढतो. पण फिरणारी वस्तू ओढली की ती ओढीच्या दिशेनं पडत नाही, कलत्या भोवऱ्यासारखा तिचा आस गोल फिरतो. प्रतलाचंही तेच होतं. कल ९० अंशांपेक्षा कमी असेल तर प्रतल पश्चिमेकडे वळतं, जास्त असेल तर पूर्वेकडे. आपल्याला पूर्वेकडचं वळण हवंय, म्हणून कल ९० च्या पुढेच घ्यावा लागतो. किती पुढे, ते उंचीवर ठरतं.

सेंटिनेल-२ ची उंची ७८६ किलोमीटर. तेवढं गणित मी स्वतः करून पाहिलं:

```python
from math import sqrt, acos, degrees, pi
mu, R, J2 = 398600.44, 6378.137, 1.08263e-3
a = R + 786
n = sqrt(mu / a**3)
w = 2*pi / (365.2422*86400)
print(degrees(acos(-2*w*(a/R)**2 / (3*n*J2))))
```

यातला `J2` म्हणजे पृथ्वीच्या त्या फुगवट्याचं माप आणि `w` म्हणजे प्रतलानं वर्षात एक पूर्ण चक्कर घ्यावी हा आपला आग्रह. उत्तर आलं ९८.५४. प्रत्यक्षात या उपग्रहाचा कल साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्याच आसपास आहे. स्क्रीनवर तो आकडा उमटला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. `786` च्या जागी `500` घातलं की कल ९७.४ येतो. उंची वाढवत नेली की कलही वाढवावा लागतो, आणि सुमारे ६,००० किलोमीटरच्या वर कोणताच कल पुरत नाही, कारण तिथे फुगवट्याची ओढ फारच क्षीण होते. सूर्यसमकालिक कक्षा म्हणतात ती हीच, उंची आणि कल यांची जुळवलेली जोडी. पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि हे उपग्रह किंचित पश्चिमेकडे जातात, त्यामुळे सोडताना पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळत नाही आणि रॉकेटला जास्त जोर लावावा लागतो. श्रीहरिकोट्याहून जाणाऱ्या पीएसएलव्हीला तर श्रीलंका टाळण्यासाठी वाटेत वळणही घ्यावं लागतं.

नानांना मी एवढंच सांगितलं, की उपग्रहाची वेळ पक्की आहे, सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकराच. त्यावर ते म्हणाले, "मग दुपारी दोनचा मागवा ना. डिसेंबरात सकाळी धुकं असतं." तसं मागवता येत नाही, आणि दुपार परवडतही नाही. उन्हानं जमीन तापली की ढग जमायला लागतात, जगभर बऱ्याच भागांत दुपारी आभाळ जास्त भरतं. फार सकाळी गेलो तर सावल्या लांब पडतात आणि उजेडही कमी. साडेदहा हा त्यातला मधला मार्ग. शिवाय लँडसॅट आणि स्पॉट हे आधीचे उपग्रहही याच सुमारास येत असल्यानं जुन्या चित्रांशी मेळ बसतो. आपल्या रिसोर्ससॅटचीही वेळ साडेदहाचीच.

पण नानांची सावलीची शंका अजून मिटली नव्हती, आणि खरी गोम तिथेच होती. ही कक्षा घड्याळ पक्कं ठेवते, सूर्याची उंची नाही. त्याच `MTD_TL.xml` मध्ये `Mean_Sun_Angle` खाली `ZENITH_ANGLE` असतो. ९० मधून तो वजा केला की सूर्य क्षितिजापासून किती वर होता ते कळतं. नाशिकला सव्वाअकरा वाजता सूर्य ऑक्टोबरच्या मध्याला सुमारे ५८ अंशांवर असतो, डिसेंबरअखेर ४३ वर आणि एप्रिलच्या खरड छाटणीवेळी ७० वर. दोन मीटर उंचीच्या मांडवाची सावली ऑक्टोबरात सव्वा मीटर पडते, डिसेंबरात दोन मीटरच्या वर जाते. दोन ओळींमध्ये अंतर नऊ फूट, म्हणजे पावणेतीन मीटरही नाही. एका पिक्सेलमध्ये पानं, उन्हातली माती आणि सावलीतली माती अशी तिन्ही येतात. त्यांचा वाटा बदलला की पान न बदलताही आकडा हलतो. तो वर जाईल की खाली, हे ओळींच्या दिशेवर आणि मांडव किती भरलाय यावर ठरतं.

म्हणून ऑक्टोबरशी डिसेंबरची तुलना मी बाजूला ठेवली आणि गेल्या वर्षीचा डिसेंबर या डिसेंबराशेजारी मांडला. तारीख तीच आणि वेळ तीच, म्हणजे सूर्यही तिथेच. इथे एक छोटी सोयही हाती लागते. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून एका जागेवर दर पाच दिवसांनी येतात आणि ३६५ ला पाचनं भाग जातो, त्यामुळे लीप वर्षाचा एक दिवस सोडला तर दरवर्षी त्याच तारखा पदरात पडतात. दोन्ही वर्षांचे आलेख छाटणीची तारीख बघून लावले, तर डिसेंबरातली ती हालचाल दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली. बागेत काही बिघडलेलं नव्हतं. फरक दिसला तो जानेवारीत, मण्यात पाणी उतरताना, आणि तोही फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात. तिथे ड्रिपच्या दोन नळ्या चोकअप झालेल्या सापडल्या.

ही तुलना आणखी मागे न्यायची असेल तर मात्र उपग्रहाची वेळ गृहीत धरू नका. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणानं कक्षेचा कल हळूहळू बदलत राहतो. कल बदलला की प्रतलाच्या वळण्याचा वेग बदलतो आणि वेळ घसरायला लागते. ती जागेवर आणायला अधूनमधून इंधन जाळावं लागतं. लँडसॅट-७ चा कल शेवटचा सुधारला गेला तो २०१७ मध्ये. त्यानंतर त्याची विषुववृत्तावरची वेळ दहावरून घसरत सव्वानऊच्या आसपास आली. म्हणजे त्याचं २०१५ चं डिसेंबर आणि २०२० चं डिसेंबर, तारीख एकच असली तरी, वेगवेगळ्या उंचीच्या उन्हातलं आहे. त्याच्या `MTL.txt` मध्ये `SUN_ELEVATION` ही ओळ असते. दोन चित्रांत तिचा आकडा पाच-सात अंशांनी वेगळा निघाला, तर ती जोडी मी घेत नाही. त्याच सुमाराचं लँडसॅट-८ शोधते.