दुसऱ्या रिव्ह्यूअरचा तो मुद्दा आणि संपादकांना लिहिलेलं पत्र

तुरीच्या दोन ओळींतलं अंतर बदलून उत्पादन वाढतं का, यावरचा आमचा पेपर ‘मेजर रिव्हिजन’ होऊन परत आला. बाकीच्या सूचना रास्त होत्या, त्या करून टाकल्या. गाडी अडली ती दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या एका वाक्यावर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही: फरक सिग्निफिकंट नाही, तेव्हा मिळालेल्या आकड्यांवरूनच पॉवर काढून द्या.

पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो प्रयोगात पकडला जाण्याची शक्यता. ती काढतात प्रयोगाआधी, किती प्लॉट घ्यायचे हे ठरवायला. निकाल हातात आल्यावर मिळालेलाच फरक खरा धरून ती काढली, तर पी-व्हॅल्यूच वेगळ्या रूपात पुन्हा समोर येते. पी ०.०५ असेल तर अशी पॉवर साधारण ५०% निघते. पी जितकी मोठी, तितकी पॉवर कमी. आमची पी ०.२५च्या आसपास होती, म्हणजे पॉवर २०%च्या जवळपास आली असती. त्यातून नवीन काय कळणार? होएनिग आणि हाइझी यांनी हे २००१मध्येच ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये मांडलं आहे.

आमचे सर म्हणाले, “एक ओळ तर आहे, देऊन टाक ना. कशाला वाकड्यात शिरतेस?” मला पटेना. पेपरात छापलेला आकडा पुढे कोणीतरी आमच्या नावानिशी उद्धृत करणार.

मग कव्हर लेटरमध्ये आधी कोणत्या सूचना स्वीकारल्या ते दोन ओळींत सांगितलं आणि लगेच लिहिलं:

“प्रयोग लहान असल्यामुळे खरा फरक हुकला असेल का, ही रिव्ह्यूअरची शंका योग्य आहे. तिचं उत्तर पॉवरपेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हलमधून अधिक नेमकं मिळतं, असं आम्हाला नम्रपणे वाटतं. सरासरी फरक हेक्टरी १.२ क्विंटल असून ९५% इंटरव्हल उणे ०.९ ते ३.३ आहे. म्हणजे तीन क्विंटलपर्यंतची वाढ आमचा प्रयोग नाकारू शकत नाही. हे आता चर्चेच्या भागात स्पष्ट लिहिलं आहे. तरीही आपल्याला पॉवर आवश्यक वाटल्यास कृपया कळवावे.”

‘रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला आहे’ असं कुठेही लिहू नका. त्याची शंका मान्य करा, नाकारायचा तो फक्त त्याने सुचवलेला उपाय, आणि त्याच्या जागी मजकुरात काहीतरी प्रत्यक्ष बदललेलं दाखवा. संपादकाला नुसत्या नकारापेक्षा असा बदल पुढे नेणं सोपं जातं.

पेपर स्वीकारला गेला, पॉवर न देता. संपादकांच्या पत्रात ‘इंटरव्हलबद्दलचं स्पष्टीकरण पुरेसं आहे’ एवढं वाचलं आणि जीव भांड्यात पडला.

अजून एक राहिलंच: कव्हर लेटर बऱ्याचदा फक्त संपादकच वाचतात, रिव्ह्यूअरपर्यंत ते जात नाही. म्हणून हाच युक्तिवाद मुद्देसूद उत्तरांच्या फाइलमध्येही पूर्ण द्या, आणि ओळींचे क्रमांक अंतिम स्वच्छ प्रतीतले टाका. ट्रॅक चेंजेसच्या प्रतीत ओळी पुढेमागे झालेल्या असतात.