पत्ते मोजता आले, पण पैज किती लावायची?

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला मी तीन महिन्यांत शिकलो. दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक. दश्शी, चित्रं किंवा एक्का निघाला की उणे एक. मधले पत्ते सोडून द्यायचे. आलेल्या बेरजेला पेटीत उरलेल्या कॅटांनी भागायचं. हा भागाकार जितका मोठा, तितका उरलेला माल आपल्या बाजूचा. यात अडलं नाही. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, कसिनोंचं अटलांटिक सिटी दोन तासांच्या आत. शिवाय इथे १९८२ च्या निकालापासून, केवळ पत्ते मोजतो म्हणून कसिनो कुणाला हाकलू शकत नाही.

अडलं ते पैज किती लावायची यावर, आणि तिथे माझं अख्खं वर्ष गेलं. त्याचा राग अजून आहे, कारण जिथे बघावं तिथे एकच ओळ: तुमची सरशी, म्हणजे पैजेवर सरासरी मिळणारा फायदा, जितके टक्के, भांडवलाच्या तितके टक्के लावा. बेल लॅब्जमधल्या जॉन केलीने १९५६ मध्ये मांडलेलं हे सूत्र जिंकलं-हरलं बरोबरीच्या पैजेला अगदी खरं आहे. ब्लॅकजॅकमध्ये मात्र मधेच पैज दुप्पट करून डबल होतं, जोडी फोडून दोन हात केले की स्प्लिट होतं, एक्का-दश्शीला दीडपट मिळतात. त्यामुळे चढउतार जास्त, म्हणून सरशीला साधारण १.३ ने भागावं लागतं. हे मला कुणीच सांगितलं नाही.

तरी ती चूक लहान होती. मोठी चूक ‘भांडवल’ या शब्दात होती.

माझ्या खात्यात १०,००० डॉलर होते आणि मी तेच भांडवल धरलं. भागाकार ४ आला की सरशी दीड टक्का, म्हणून मी १५० डॉलर लावायचो. मोजणी बरोबर, खेळ बरोबर, तरी पैसे घटत गेले. शेवटी बायकोने विचारलं, “यातले खरंच किती गेलेले चालतील आपल्याला?” मी विचार करून म्हटलं, चार हजार. बाकीचे घराच्या डाउन पेमेंटचे होते. “मग चार हजारच आहेत ना तुझ्याकडे!” ती म्हणाली.

त्याच रात्री कागद घेऊन बसलो. ४,००० चा दीड टक्का ६०, भागिले १.३ म्हणजे ४६ डॉलर. मी लावत होतो तिप्पट.

तिप्पट लावलं तर तिप्पट वेगाने वाढेल असं वाटतं, पण तसं होत नाही. घरी पत्त्यांवर करून बघा. दहा पत्ते घ्या, सहा लाल, चार काळे. लाल आला की जिंकलात, काळा आला की हरलात. इथे सरशी २० टक्के. १०० रुपयांनी सुरुवात करून दर वेळी हातातल्या रकमेचे २० टक्के लावले तर दहा पत्त्यांनंतर १२२ होतात. ४० टक्के लावले तर सहा वेळा जिंकूनही ९७.५८ उरतात. पत्ते कोणत्याही क्रमाने येऊ देत, उत्तर तेच. केलीच्या दुपटीला वाढ जवळजवळ शून्य होते, आणि त्यापुढे सरशी आपली असूनही पैसा आटतो. मी तर दुपटीच्याही पुढे होतो!

आता हेच १० टक्क्यांवर करा, ११६ येतात. जोखीम निम्मी करूनही तीन चतुर्थांश फायदा हातात राहतो, म्हणून मी कायमचा सूत्राच्या निम्म्या पैजेवर, म्हणजे अर्ध्या केलीवर आलो. पूर्ण केलीत भांडवल कधी ना कधी निम्म्यावर येण्याची शक्यता पन्नास टक्के असते, अर्ध्या केलीत साधारण साडेबारा. सरशीचा अंदाजही थोडा चुकतोच, तेव्हा तो धक्का सोसायला जागा राहते.

एक राहिलं: एक्का-दश्शीला ३:२ ऐवजी ६:५ देणाऱ्या टेबलावर बसूच नका. तिथे कसिनोची बाजू १.४ टक्क्याच्या आसपास वाढते आणि वरचा सगळा हिशेब मोडतो.

आता माझं गणित असं. टेबलाची किमान पैज १५ डॉलर. माझ्या चार हजारांवर अर्धा केली १५ ला पोचतो तो भागाकार ३ झाल्यावर. ४ ला साधारण २५ लावतो. ३ च्या खाली केली सांगतो १५ पेक्षा कमी लाव, नाहीतर शून्य, आणि बसलेल्या माणसाला किमान पैजेखाली लावून चालत नाही. म्हणून मी टेबलामागे उभा राहून मोजतो आणि ३ आला की बसतो. १५ डॉलरवर एक टक्का, म्हणजे डावाला सरासरी पंधरा सेंट. तेवढ्यासाठी मी गेल्या शनिवारी पाऊण तास उभा होतो. बेरीज चढली, खुर्ची ओढली, तर डीलरने पाटीकडे बोट दाखवलं: पत्ते पुन्हा पिसेपर्यंत मधेच बसता येणार नाही. ती पाटी आधी बघून घ्या.