मुंबई–सिंगापूर: तिकिटाआधी विमान बघा

मुंबई–सिंगापूर साडेपाच तासांचं उड्डाण. या मार्गावर सीटांमधून चालायला एकच वाट असलेली ए३२१ निओसारखी लहान विमानंही जातात आणि ए३५०सारखी दोन वाटांची मोठी विमानंही. आईबाबा सोबत होते, बाबांना तासातासाला उठावं लागतं, त्यामुळे सिंगापूर एअरलाइन्सचं रात्रीचं ए३५० घेतलं. तिकीट महाग पडलं, पण पैसे वसूल झाले.

मोठ्या विमानात सीट रुंद असते, हा समज मात्र डोक्यातून काढा. ए३२१ ज्यात मोडतं त्या ए३२० घराण्यात सीट साधारण १८ इंचांची असते. एका रांगेत नऊ जण बसवणाऱ्या बोइंग ७८७ मध्ये ती सतराच्या आसपास येते, दहा जणांच्या ७७७ मध्येही तेवढीच. फरक पडतो तो वाटेत. लहान विमानात जेवणाची ट्रॉली आली की मागच्या टॉयलेटकडे जायचा रस्ताच बंद. मोठ्या विमानात माणूस दुसऱ्या बाजूने जातो. आम्ही मधल्या तीन सीट घेतल्या होत्या: बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या, मी मध्ये. दोघांनाही कुणाला न उठवता बाहेर पडता येत होतं. खिडकीचा हट्ट असेल तर हे जमणार नाही. शिवाय ए३५० आणि ७८७ मध्ये आतला हवेचा दाब साधारण ६,००० फुटांवर असतो तसा ठेवतात, जुन्या धाटणीच्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. आई उतरल्यावर नेहमी डोकं धरून बसते, या वेळी तक्रार नव्हती. त्यातलं किती दाबामुळे आणि किती झोपेमुळे, देव जाणे.

आता विमान कसं ओळखायचं. गूगल फ्लाइट्सवर उड्डाण उघडलं की तपशिलात विमानाचं नाव दिसतं. काही ठिकाणी नुसता कोड असतो: 32N आणि 32Q म्हणजे एकेरी वाट, 359, 789, 77W म्हणजे दुहेरी. कोड कळला नाही तर सीटचा नकाशा बघा. A ते F अशी सहाच अक्षरं आणि मध्ये एकच वाट असेल तर विमान लहान. अक्षरं J-K पर्यंत गेली आणि वाटा दोन असतील तर मोठं.

एका कंपनीच्या नंबरावर दुसरीचं विमान उडतं, म्हणून ‘Operated by’ ही बारीक ओळ वाचाच. मग उड्डाणाचा नंबर विमानांचा माग ठेवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या साइटवर टाका. गेल्या आठवड्यात रोज कोणतं विमान आलं ते फुकट दिसतं. सातही दिवस एकच प्रकार असेल तर बुक करा, रोज बदलत असेल तर भरवसा धरू नका.

तिकीट काढल्यावरही कंपनी विमान बदलू शकते, आणि निव्वळ तेवढ्यावरून पैसे परत मिळतीलच असं नाही. निवडलेला सीट नंबर आपोआप बदललेला दिसला तर विमान बदललं असण्याची शक्यता बरीच. निघायच्या तीन-चार दिवस आधी बुकिंग उघडून बघा. तेव्हा निदान नव्या नकाशात वाटेकडेच्या सीट शिल्लक असू शकतात.