पेटीतला पाऊस

परवा भर दुपारी वहिनीचा फोन, "ये ना जरा, आंब्याच्या गिफ्ट बॉक्सचा फोटो काढून दे, माझा फोटो म्हणजे प्लास्टिकचे आंबे वाटतात." तिचं माहेर देवगडचं, मे महिन्यात तिकडून पेट्या येतात आणि ही त्यातले निवडून एक डझनचे बॉक्स भरते, पुण्यात ओळखीत देते.

गेले तर हॉलमध्ये ट्यूबलाइट लावलेली, आंबे फडक्याने पुसून चकाचक केलेले. अगं बाई, म्हटलं, हापूसवर मेणासारखा एक मंद थर असतो, तोच तू पुसून टाकलास, मग चमकणार नाही तर काय. वरून डझनच्या डझन एकाच पिवळ्या रंगाचे निवडलेले. आपल्याकडे सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक दिसले की माणूस आधी मनात कार्बाइड म्हणतो, त्यावर बंदी असली तरी. मग दुसरी पेटी उघडून एक केशरी, एक नुसता पिवळा, एक देठाजवळ अजून हिरवट झाक असलेला, आणि एक गालावर चिकाचा काळपट ओघळ वाळलेला असे घेतले. तो चिकवाला ती मागच्या रांगेत लपवत होती, मी हट्टाने पुढे आणला.

पानांवरून मात्र आमचं वाजलं. तिला प्रत्येक देठाला दोन-दोन पानं चिकटलेली हवी होती, कॅलेंडरवर असतात तशी. आता आंबा लोंबतो लांब दांड्याला, जिथे मोहोर आला होता तिथे, आणि पानं राहतात वर फांदीला. देठातून पान फुटलेला आंबा मी तरी अजून पाहिला नाही. शेवटी पानं आंब्यांच्या खालून डोकावतील अशी सरकवली. तीही सकाळी तोडलेली, कडा वळायला लागलेल्या. डहाळी रात्रभर पाण्यात उभी ठेवायची असते, पण ते आदल्या दिवशी सुचायला हवं ना.

आणि मग थेंब. साधं पाणी मारलं तर पंख्याखाली पाच-दहा मिनिटांत गायब, नाहीतर ओघळून पेंढ्यात. म्हणून अर्धं पाणी, अर्धं ग्लिसरीन, बारीक स्प्रेची बाटली. त्याचे थेंब गोल बसतात आणि तासभर तरी हलत नाहीत. गंमत अशी की जवळून भसाभस मारलं तर आंब्याला घाम फुटल्यासारखा दिसतो, आणि सगळे थेंब एका मापाचे पडले की लगेच खोटं. लांबून दोनदा मारायचं, मग बोट बुडवून चार-पाच मोठे थेंब हाताने ठेवायचे, तेही सगळ्यांवर नाही. ट्यूब बंद, बॉक्स खिडकीशी आडवा, उजेड बाजूने आणि थोडा मागून, म्हणजे थेंब पेटतात. फ्लॅश मारला की प्रत्येक थेंबात एक पांढरा ठिपका आणि काम संपलं.

हे सगळं करताना मला आजी आठवत होती आणि जरा अपराधी वाटत होतं. देवगडला माळ्यावर आढी असायची, भाताच्या पेंढ्यात आंबे. तिथलं वरच्या कौलांतून येणारं ऊन, तो कोंदट गोड वास. आम्ही पोरं विहिरीवरून ओल्या हाताने थेट आंबे चाचपायला जायचो आणि ती खालून ओरडायची, "आंब्याक पाणी लावू नको, देठाकडसून कुसतलो!" रोज दुपारी एकेक आंबा उचलून ती देठाशी वास घ्यायची, पिकलेला बाजूला, डाग पडलेला दुसरीकडे, बाकीचे परत पेंढ्यात, कूस बदलून. तिच्या हिशेबात आंब्यावर थेंब दिसणं म्हणजे कुठेतरी माळा गळतोय.

म्हणजे बघा, आपल्याला ज्याने तोंडाला पाणी सुटतं तेच आंब्याला नको असतं. वहिनीला म्हटलं, हे ग्लिसरीनवाले बारा आंबे काही विकू नकोस, धुऊन आपणच संपवू. पाठवायचे ते कोरडे. "मग लोक विचारतील, फोटोतले थेंब कुठायत?" विचारू देत. पुण्यात कुणीतरी विचारणारच.

फोटो खरंच छान आला. पुढच्या चिकवाल्यामुळेच खरा वाटत होता, वहिनीनेही मान्य केलं, मोठ्या मनाने. संध्याकाळी सगळे धुतले आणि फोटोतला सगळ्यात देखणा, तो मधला केशरी, पहिला कापला. आत कोयीभोवती साका. पांढरट, स्पंजसारखा, बाहेर कसली म्हणून खूण नाही. दादाने ती बाजू चमच्याने काढून टाकली आणि उरलेला खाल्ला, काही न बोलता.

चिकवाला कुणी खाल्ला मला माहीत नाही, मी हात धुऊन येईपर्यंत कोय ताटात होती.