न्हाणीघरातली एक निळी भिंत

"बाकी तिन्ही भिंती गुलाबी आणि नळाची भिंत तेवढी निळी, ही काही नवीन डिझाइन आहे का हो?"

नाही. नळ गळत होता.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगतो. बादलीवरचा नळ बंद केला तरी तोंडातून टपटपायचा. आता नळ कुठून गळतो ते बघितलं की रोग कळतो. मुठीपाशी ओलं होत असेल तर आतलं पॅकिंग गेलेलं असतं. भिंतीपाशी ओल असेल तर आटे. आणि तोंडातून थेंब पडत असेल तर जुन्या, फिरवून फिरवून बंद होणाऱ्या नळात बहुतेक वेळा रबराचं वॉशर झिजलेलं असतं. ते बदलायला नळ भिंतीतून काढावाही लागत नाही. पाणी बंद करायचं, वरचा नट सोडवायचा, वॉशर बदलायचं आणि परत आवळायचं. हे सगळं मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. सकाळी मी दुकानातून चकचकीत नवा नळ, टेफ्लॉन टेपचं रीळ आणि मोठा पाईप पाना घेऊन आलो होतो.

पहिला इशारा माळ्यावरच्या व्हॉल्व्हने दिला. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. मी चाक फिरवत राहिलो, चाक फिरत राहिलं आणि पाणी जसंच्या तसं. आतली दांडी नुसती गोल फिरत होती, पाणी अडवणारी पट्टी जागची हलत नव्हती. शहाण्या माणसाने तिथेच प्लंबरला फोन लावला असता. मी गच्चीवर गेलो आणि आमच्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून आलो. त्या लाइनवर खालचे तीन मजलेही आहेत, एवढं सोडलं तर योजना ठीक होती.

नळ हलेना. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवून जोर वाढवला. एकदम सैल झाला! मी आतून ओरडलोसुद्धा, "सुटला!" नळ हातात आला आणि त्याच्या मागे एक गंजका, दातेरी तुकडा. म्हणजे नळ सुटला नव्हता, त्यामागची निपल, म्हणजे नळाला भिंतीतल्या पाईपशी जोडणारी आखूड नळी, तुटली होती.

हे का होतं तेही ऐका. जुन्या इमारतीत जीआयचे पाईप असतात, लोखंडावर जस्ताचा थर. आटे पाडताना तो थर निघून जातो आणि पत्राही तिथेच सगळ्यात पातळ होतो. त्यात पितळी नळ लोखंडाला चिकटलेला, मध्ये पाणी, त्यामुळे गंज आणखी लवकर चढतो. निपल बाहेर दिसत असती तर एका पान्याने ती धरून दुसऱ्याने नळ सोडवता आला असता. आमची टाइलच्या आत गडप होती, म्हणून माझा सगळा जोर तिच्यावरच गेला.

आता उरलेली निपल भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाईप वळवणाऱ्या जोडात, अडकलेली. ती काढायची रीत आहे: हॅकसॉचं नुसतं पातं आत घालून तुकड्याला लांबीत चीर पाडायची आणि छिन्नीने कडा आत वळवायची. चीर फक्त निपलपुरती हवी. माझी चीर एल्बोच्या आट्यांतही खोल गेली. तुकडा निघाला खरा, पण आता कितीही टेप गुंडाळली तरी पाणी त्या चिरेतून वाट काढणार. शेवटच्या घावाला छिन्नी सटकली आणि टाइलला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

एव्हाना खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "अहो, डोक्याला शॅम्पू लावून बसलेय मी! पाणी कुठंय?" मी लाटण्याचं टोक कापडात गुंडाळून त्या भोकात ठोकलं आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह थोडासा उघडला. लाटणं सुटून थेट समोरच्या भिंतीवर. पुन्हा जिना.

संध्याकाळी प्लंबर आला. त्याने जुना नळ उघडला, आतलं चपटं झालेलं वॉशर नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "एवढंच होतं ना, साहेब?" मग टाइल फोडून एल्बो बदलला. फुटल्या त्या आठ बाय बाराच्या गुलाबी टाइल्स. हे माप आणि हा रंग आता कुठल्याच दुकानात मिळेना. नव्या मोठ्या टाइल्स जुन्या सांध्यांना जुळेनात, म्हणून अख्खी भिंत उतरवली. निळा रंग सौभाग्यवतींनी निवडला. मला विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

माळ्यावर आता नवा बॉल व्हॉल्व्ह आहे. तो जाम होऊ नये म्हणून अधूनमधून मी पूर्ण बंद करून पुन्हा उघडतो. तेवढा वेळ ही खाली स्टूल धरून उभी असते, आणि पाईप पाना काकूंकडे ठेवलेला आहे.