पान 112 कुठलं?

प्रबंधांची भाषा आणि मांडणी तपासून देणं हे माझं रोजचं काम. ग्रामीण दारिद्र्यावरचा एक इंग्रजी प्रबंध ड्राइव्हवर अपलोड होऊन आला आणि सोबत एक ओळ होती, "ताई, सायटेशन्स तेवढ्या बरोबर करून द्या." प्रबंध लिहिणाऱ्या मॅडम स्वतः महाविद्यालयात शिकवतात. विद्यापीठाने संदर्भ देण्याच्या एपीए शैलीची सातवी आवृत्ती सांगितली होती आणि प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली होती.

संदर्भसूची नुसती चाळली तरी ती कशी वाढत गेली ते कळत होतं. काही नोंदी मेंडेले या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने घातलेल्या होत्या. काही गूगल स्कॉलरवरून उचललेल्या, कारण त्यांत डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, नव्हता. बाकीच्या हाताने टाइप केलेल्या, कुठे वर्ष शेवटी, कुठे प्रकाशकाच्या आधी गावाचं नाव. सातव्या आवृत्तीत गाव लागत नाही. एक नोंद `India, G. O.` अशी होती. ती भारत सरकारची. लेखकाच्या रकान्यात Government of India लिहिलं की सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं आणि उरलेल्यांची आद्याक्षरं करतं. वर्डमध्ये हे हाताने सुधारून उपयोग नसतो. सूची पुन्हा ताजी केली की जुनंच रूप परत येतं. मेंडेलेच्या संग्रहात ते संस्थेचं नाव म्हणून नोंदवावं लागतं. मॅडमचा संग्रह त्यांच्याच लॅपटॉपवर होता, म्हणून फोनवर सांगत सांगत त्यांच्याकडून ते करून घेतलं.

असलं काम मी न विचारता करते. स्वल्पविराम, तिरपी अक्षरं, आद्याक्षरांमधली जागा यांत लेखकाला विचारण्यासारखं काही नसतं. वर्ष, खंड, पानं चुकली असतील तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर मूळ लेखाचं पहिलं पान बघते आणि ट्रॅक चेंजेस सुरू ठेवून बदलते, म्हणजे काय बदललं ते त्यांना दिसतं. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा नमुन्याच्या आकाराविषयीचा लेख 1970 चा. मॅडमच्या सूचीत तो 1970, मजकुरात एके ठिकाणी 1971. हे अर्ध्या मिनिटाचं काम.

पण 'बरोबर करा' म्हटल्यावर तिसरी एक गोष्ट येते आणि ती माझ्या हातात नसते. लेखकाने नेमकं काय वाचलं होतं, ते फक्त लेखकालाच माहीत.

दुसऱ्या प्रकरणात दांडेकर आणि रथ यांचा हवाला होता. भारतातल्या दारिद्र्यावर लिहिणाऱ्याला वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांकडे यावंच लागतं. रोज माणशी 2,250 उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाची रेषा धरून दारिद्र्य मोजण्याचा त्यांचा निकष मॅडमनी सांगितला होता आणि पुढे कंसात 1971, पान 112. सूचीत नोंद एकच : 'पॉव्हर्टी इन इंडिया', इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, खंड 6, अंक 1.

मांडणी म्हणून बघितलं तर इथे दोन स्वल्पविराम आणि थोडी तिरपी अक्षरं घातली की झालं. पण त्या साप्ताहिकात तो लेख दोन भागांत आला होता. पहिला भाग अंक 1 मध्ये, पानं 25 ते 48. दुसरा पुढच्या अंकात, पानं 106 ते 146. पानांचे आकडे तेव्हा वर्षभर सलग चालत, म्हणून अंक 1 मधल्या त्या लेखात पान 112 असूच शकत नाही. दुसऱ्या भागात ते आहे, पण तो भाग धोरणं आणि कार्यक्रमांचा. दारिद्र्याचं मोजमाप पहिल्या भागाचा विषय. त्यात भर म्हणजे त्याच वर्षी इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीने याच नावाचं पुस्तकही काढलं, तेव्हा पान 112 पुस्तकातलंही असू शकतं. एकाच जोडीचं, एकाच वर्षाचं, जवळपास एकाच नावाचं लेखन तीन ठिकाणी. आपल्या विषयात संदर्भ घसरतात ते अशा जागी. नोंद जितकी नीटनेटकी करावी तितकी ती चूक झाकली जाते, आणि परीक्षकालाही मग ती दिसत नाही.

मी अंदाजाने काहीच निवडलं नाही. समासात कॉमेंट टाकली : "हे लेखातून घेतलं की पुस्तकातून? लेख असेल तर पान 112 दुसऱ्या भागात येतं, पण निकष पहिल्या भागात असायला हवा. तुमच्याकडची प्रत बघून सांगाल का?"

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता. "ताई, खरं सांगू का, माझ्याकडे दोन्ही नाहीत. एका जुन्या प्रबंधात हा हवाला होता, तिथून घेतला."

मी म्हटलं, यात लपवण्यासारखं काही नाही, एपीएत त्याची सोय आहे. मजकुरात दांडेकर-रथांचं नाव घ्यायचं, 'अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे' असं जोडायचं आणि सूचीत आपण वाचलेला तो प्रबंधच द्यायचा. पण हा हवाला त्यांच्या अख्ख्या प्रकरणाचा पाया होता. तिथे उसना संदर्भ ठेवू नये असं मला मनापासून वाटत होतं आणि मी तसं सांगितलं. त्या साप्ताहिकाचे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर आहेत. त्यांच्या महाविद्यालयाकडे ती सोय नव्हती, म्हणून त्यांनी पुण्यातल्या एका सहकाऱ्याकडून पहिला भाग मागवला आणि वाचून काढला. निकष तिथेच होता. पान अर्थातच वेगळं. जुन्या प्रबंधातला आकडा चुकीचा होता, आणि त्याने तरी तो कुठून घेतला देव जाणे. वाचल्यावर मॅडमनी स्वतःहून आणखी एक वाक्य बदललं : ग्रामीण भागातली 40 टक्के आणि शहरातली 50 टक्के लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली असल्याचा अंदाज 1960-61 सालचा आहे, आणि त्यांनी तो 1971 ची स्थिती म्हणून लिहिला होता. माझ्या नजरेला ते आलंच नसतं.

दुसरी अडचण सरळ होती, तरी तिने जास्त त्रास दिला. स्वयंसाहाय्यता गटांवरच्या एका लेखाची नोंद दिसायला निर्दोष होती, डीओआयसकट. `https://doi.org/` पुढे तो क्रमांक टाकला तर उघडला भलताच लेख. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफवर शीर्षक सापडेना. नियतकालिक खरं होतं, म्हणून त्या खंडाची अनुक्रमणिका उघडली, तर त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा लेख. विषयाला जुळणारा खरा लेख शोधून तिथे बसवणं सोपं होतं आणि असं करणारे आहेत. पण मग मॅडमच्या वाक्याला असा आधार मिळाला असता, जो त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. मी नोंद पिवळी केली, काय काय तपासलं ते लिहिलं आणि तशीच ठेवली.

त्यावर त्यांच्या मार्गदर्शकांचा फोन आला. जरा चढ्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला फक्त फॉरमॅट करायला सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "सर, फॉरमॅट पूर्ण झालंय. ही नोंदही फॉरमॅटमध्ये अचूकच आहे, फक्त तो लेख अस्तित्वात असल्याचं कुठे दिसत नाही. व्हायव्हात कुणी मागितला तर मॅडम काय दाखवणार?" थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी ते वाक्य प्रबंधात कुठे आहे ते विचारलं आणि फाइल उघडून फोनवरच वाचलं.

वाक्य काढून टाकायचं ठरलं. त्याच परिच्छेदात मॅडमच्या स्वतःच्या गावपाहणीतले आकडे तेच सांगत होते, तेव्हा बाहेरच्या आधाराची तिथे गरज नव्हती. सूचीतली ती नोंद गेली, दांडेकर-रथांच्या नोंदीत भाग आणि पानं बरोबर बसली, आणि मी शेवटचा ताळा घेतला : मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत आहे ना, आणि सूचीतलं प्रत्येक नाव मजकुरात. मग ट्रॅक चेंजेस असलेली एक प्रत आणि स्वच्छ अशी एक, दोन्ही ड्राइव्हवर टाकल्या.